८ की १.४? ताऱ्यांच्या आयुष्याच्या स्लाइड्स समजावून सांगताना

प्रश्न: ताऱ्यांच्या जीवनचक्रावरच्या तयार स्लाइड्स मिळाल्या आहेत, वायूच्या ढगापासून श्वेत बटू आणि कृष्णविवरापर्यंत. नववी-दहावीच्या मुलांना त्या समजावून सांगायच्या आहेत. एका स्लाइडवर लिहिलंय की सूर्याच्या ८ पटींपर्यंतचे तारे श्वेत बटू होतात, दुसरीवर लिहिलंय की श्वेत बटू १.४ पटींपेक्षा जड असूच शकत नाही. खरं काय? आणि इंधन संपलं तर तारा विझायला हवा, तो फुगतो कशाला?

उत्तर:

दोन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत आणि स्लाइडवर ते कोणी लिहीत नाही. ८ हा आकडा तारा जन्मला तेव्हाच्या वस्तुमानाचा आहे. १.४ हा शेवटी मागे उरलेल्या गाभ्याचा आहे. मधलं सगळं वस्तुमान तारा मरण्यापूर्वीच अवकाशात सोडून देतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच जागी दडलेलं आहे. स्लाइडवर तारा म्हणजे एक रंगीत चेंडू असतो. तो आधी पिवळा असतो, मग मोठा आणि लाल होतो, मग लहान आणि पांढरा. त्यामुळे मुलांना वाटतं की अख्खा तारा एकसंध फुगतो आणि आकसतो. खऱ्या ताऱ्यात गाभा आणि बाहेरचं आवरण यांचं आयुष्य जवळजवळ उलट्या दिशांनी जातं. गाभा जन्मापासून मरणापर्यंत आकसतच असतो. मध्ये काही काळ तो थांबतो, एवढंच. फुगतं ते आवरण. मी बरीच वर्षं आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत याच विषयावर बोलतो आहे, आणि आता माझी पद्धत ठरलेली आहे: प्रत्येक स्लाइडवर मी मुलांना एकच प्रश्न विचारतो, ‘आत्ता गाभ्याला कोणी तोलून धरलंय?’ उत्तर फळ्यावर लिहीत जातो. अख्ख्या जीवनचक्रात या प्रश्नाची फक्त चार उत्तरं निघतात. त्या चार ओळी मुलांच्या लक्षात राहिल्या, तर चित्रं विसरली तरी चालतील.

पहिली स्लाइड ढगाची. बहुतेक संचांमध्ये इथेच एक चूक असते. वरच्या रांगेत एक ढग आणि त्यातून सूर्यासारखा तारा, खालच्या रांगेत दुसरा ढग आणि त्यातून महाकाय तारा, असं दाखवलेलं असतं. त्यावरून दोन जातींचे ढग असतात असा समज होतो. प्रत्यक्षात एकाच ढगाचे अनेक तुकडे पडतात आणि लहान-मोठे असंख्य तारे एकत्र जन्मतात. त्यांत लहान खूप आणि मोठे अगदी थोडे. मृग नक्षत्रातला तेजोमेघ हे याचं उत्तम उदाहरण आहे. साधारण १,३०० प्रकाशवर्षांवरच्या त्या एका ढगात सूर्याहून कितीतरी जड तारेही आहेत आणि सूर्याच्या दशांशाएवढे चिमुकलेही. तुमच्या स्लाइडवर दोन ढग असतील तर एक खोडा आणि फाटा ढगानंतर काढा.

ढग आकसायला लागतो तेव्हा तो फार थंड असतो, शून्याखाली अडीचशे अंशांहूनही जास्त. थंड असतो म्हणूनच आकसू शकतो, कारण आतल्या वायूचा दाब गुरुत्वाकर्षणापुढे तोकडा पडतो. आकसताना वायू आत कोसळतो, कोसळण्यातून उष्णता निर्माण होते आणि मधला भाग तापून उजळतो. हा आदितारा. इथे मुलांना मुद्दाम सांगा की तो चमकत असला तरी अजून त्यात हायड्रोजनचं संमीलन सुरू झालेलं नाही. तो फक्त आकसण्याच्या जोरावर चमकतो आहे. सूर्याएवढ्या ताऱ्याला या अवस्थेतून पुढे जायला काही कोटी वर्षं लागतात.

आता जी गोष्ट सांगतो, ती सगळ्या स्लाइड्सची किल्ली आहे आणि ती जवळपास कोणत्याच स्लाइडवर नसते. आपल्या रोजच्या अनुभवात वस्तूने उष्णता गमावली की ती थंड होते. उष्ण वायूचा दाब आणि स्वतःचं गुरुत्व यांच्या तोलावर उभ्या असलेल्या गोळ्याचं याच्या उलट होतं: उष्णता गमावली की तो अधिक तापतो. कारण असं, की उष्णता बाहेर गेली की दाब किंचित कमी होतो, गोळा किंचित आकसतो, आणि आकसण्यातून जी ऊर्जा मोकळी होते तिच्यातला साधारण अर्धाच भाग बाहेर जातो. उरलेला अर्धा आतच राहतो आणि आतलं तापमान वाढवतो. मुलांना हे पहिल्यांदा पटत नाही, पटू नयेच. त्यांना थोडा वेळ द्या. हे पटलं की ‘इंधन संपल्यावर तारा विझत का नाही’ हा प्रश्न पुढच्या तीन स्लाइड्सवर आपोआप सुटतो.

तर आदितारा उष्णता गमावत राहतो, आकसत राहतो, तापत राहतो. गाभ्याचं तापमान एक कोटी अंशांच्या आसपास पोचलं की हायड्रोजनपासून हेलियम बनायला लागतो. आता जेवढी ऊर्जा पृष्ठभागावरून जाते, तेवढी गाभ्यातून भरून निघते. आकसणं थांबतं. फळ्यावरची पहिली ओळ: ‘उष्ण वायूच्या दाबाने तोललंय’. हा ताऱ्याच्या आयुष्यातला सर्वांत दीर्घ काळ. सूर्यासाठी तो साधारण १,००० कोटी वर्षांचा आहे आणि त्यातली ४६० कोटी उलटली आहेत. सूर्याच्या गाभ्यात आज दीड कोटी अंश तापमान आहे आणि दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन हेलियममध्ये बदलतो आहे.

या स्लाइडवर आलेख असेल, तेज आणि तापमानाचा, तर एक गैरसमज लगेच दूर करा. त्यात डावीकडून उजवीकडे तिरका उतरणारा जो ताऱ्यांचा पट्टा दिसतो, त्याला मुख्य क्रम म्हणतात. ‘क्रम’ या शब्दामुळे मुलांना वाटतं की तारा त्या पट्ट्यावरून वरून खाली घसरत जातो. तसं होत नाही. तारा आपल्या वस्तुमानानुसार त्या पट्ट्यावरच्या एका ठिकाणी येऊन बसतो, जवळजवळ तिथेच राहतो आणि गाभ्यातला हायड्रोजन संपला की पट्टा सोडून बाहेर पडतो. वरचे तारे जड आणि खालचे हलके, एवढाच तो क्रम आहे.

आता तांबडा राक्षसी तारा. स्लाइडवर बहुधा लिहिलेलं असतं, ‘इंधन संपते व तारा फुगतो’. ‘इंधन संपते’ हे शब्द दुरुस्त करून ‘गाभ्यातले इंधन संपते’ असं लिहा. सूर्यासारख्या ताऱ्यात त्या क्षणी बाहेरच्या आवरणात हायड्रोजन भरपूर शिल्लक असतो. संपतो तो फक्त अगदी मधला, कारण बाहेरचा वायू तिथे मिसळत नाही.

आता किल्ली वापरा. गाभ्यात हेलियम साचला आहे, तो पेटण्याइतकं तापमान नाही, म्हणून ऊर्जा बनत नाही. पण उष्णता तर बाहेर चाललीच आहे. मग गाभा काय करेल? आकसेल आणि अधिक तापेल. त्याच्याभोवतीच्या पातळ कवचात जो हायड्रोजन आहे, तो आता आधीपेक्षा जास्त तापतो आणि जास्त जोराने जळू लागतो. म्हणजे इंधन संपल्यावर ताऱ्यात कमी नव्हे, तर जास्त ऊर्जा तयार होते. तिच्यामुळे आवरण पसरत जातं. पसरलेला पृष्ठभाग प्रचंड मोठा असल्याने त्याच्या प्रत्येक चौरस मीटरला पूर्वीएवढं तापण्याची गरज उरत नाही, म्हणून तो थंड होऊन तांबूस दिसतो. रोहिणी आणि स्वाती हे तारे आकाशात दाखवून सांगता येतं की यांचा गाभा आत आकसलेला आहे आणि आपण फक्त त्यांचं विस्कटलेलं आवरण बघतो आहोत. सूर्य या अवस्थेच्या टोकाला आजच्यापेक्षा सुमारे दोनशे पट रुंद झालेला असेल.

पुढचा टप्पा मी थोडक्यात उरकतो. गाभ्याचं तापमान १० कोटी अंशांवर गेलं की हेलियमपासून कार्बन आणि ऑक्सिजन बनू लागतात. हा दिलासा थोड्या काळाचा, सूर्याच्या बाबतीत सुमारे १० कोटी वर्षांचा. मग गाभ्यातला हेलियमही संपतो आणि तोच खेळ पुन्हा सुरू होतो: गाभा आकसतो, आवरण आणखी फुगतं.

मात्र या वेळी सूर्यासारख्या ताऱ्याचा गाभा कार्बन पेटण्याइतका तापत नाही. इथे फळ्यावर दुसरी ओळ येते: ‘इलेक्ट्रॉनांनी तोललंय’. इलेक्ट्रॉन एकाच जागी, एकाच अवस्थेत दाटीवाटीने बसू शकत नाहीत, हा पुंजयामिकीचा नियम आहे. गाभा फार दाबला गेला की इलेक्ट्रॉनांना नाइलाजाने मोठ्या वेगाच्या अवस्थांमध्ये जावं लागतं आणि त्या वेगातून दाब तयार होतो. या दाबाचा उष्णतेशी जवळजवळ संबंध नाही. गाभा गार झाला तरी हा दाब टिकतो. त्यामुळे आपली किल्ली इथे चालेनाशी होते: आता उष्णता गेली की गाभा आकसत नाही, सरळ गार होत जातो. म्हणूनच हा रस्ता शांतपणे संपतो.

दरम्यान वरचं आवरण इतकं पसरलेलं असतं की ताऱ्याची त्यावरची पकड सैल होते. ते वाऱ्यासारखं बाहेर वाहू लागतं आणि शेवटी गाभा उघडा पडतो. उघडा पडलेला गाभा एक लाख अंशांच्या घरात तापलेला असतो. त्याच्या अतिनील किरणांनी सुटलेला वायू उजळतो. यालाच ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. नाव फसवं आहे. अठराव्या शतकात विल्यम हर्शेलला दुर्बिणीतून ही गोल, फिकट बिंबं ग्रहांसारखी दिसली, म्हणून ते नाव पडलं; ग्रहांशी त्याचा काही संबंध नाही. मुलं हा प्रश्न विचारणारच. हा तेजोमेघ काही हजार ते काही दहा हजार वर्षांत विरून जातो. मागे उरतो तो श्वेत बटू. तुमच्या संचात त्याच्याही पुढे ‘कृष्ण बटू’ असं चित्र असेल, तर त्याखाली ‘अजून विश्वात एकही नाही’ असं लिहा. श्वेत बटू पूर्ण गार व्हायला जो काळ लागतो, त्यापुढे विश्वाचं १,३८० कोटी वर्षांचं वय फार कमी आहे.

आता ८ आणि १.४ कडे येऊ. यासाठी मी एक जास्तीची स्लाइड घालतो, व्याध ताऱ्याची, आणि तुम्हीही घालावी असं मनापासून सुचवतो.

व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, अंतर ८.६ प्रकाशवर्षं. १८४४ मध्ये फ्रीडरिश बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की व्याध आकाशात सरळ सरकत नाही, किंचित नागमोडी जातो; म्हणजे कोणीतरी न दिसणारा जोडीदार त्याला ओढतो आहे. १८६२ मध्ये अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहम क्लार्कला नव्या दुर्बिणीची भिंगं तपासताना तो जोडीदार दिसला. दोघे सुमारे ५० वर्षांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात, आणि या फेरीवरून दोघांचं वस्तुमान काढता येतं. तेजस्वी व्याध सूर्याच्या साधारण २ पट भरतो. जोडीदार, ज्याला व्याध ‘ब’ म्हणतात, सूर्याएवढाच आहे. पण तेजात तो मुख्य ताऱ्याच्या सुमारे दहा हजारावा हिस्सा. आणि तरीही त्याचा पृष्ठभाग तप्त आहे, सुमारे २५,००० अंश. इतका तप्त असूनही इतका मंद, याचा एकच अर्थ निघतो, की तो फार लहान आहे. हिशेब केला तर त्रिज्या येते ५,६०० किलोमीटरांच्या आसपास, पृथ्वीपेक्षा जरा कमीच. सूर्याएवढं द्रव्य पृथ्वीच्या आत कोंबलेलं. त्यातला एक घन सेंटीमीटर तुकडा अडीच टनांहून जास्त भरेल.

इथे थांबून मुलांना विचारा: जड तारे लवकर मरतात असं आपण शिकलो. जड तारा तेजाने इतका उधळा असतो, की साठा जास्त असूनही तो लवकर संपतो. मग या जोडीत २ पट जड तारा अजून धडधाकट जगतो आहे आणि १ पट वाला आधीच मेलेला आहे, हे कसं? दोघे एकाच ढगातून एकाच वेळी जन्मले, म्हणजे वयातही फरक नाही. मी हा प्रश्न विचारून एकदा तरी पूर्ण शांतता होऊ देतो. कोणीतरी हमखास म्हणतं, ‘आधी तोच जड असेल.’ तेच उत्तर आहे.

आता आकडे मांडा. श्वेत बटू किती काळ गार होत आला आहे, ते त्याच्या तापमानावरून मोजता येतं. व्याध ‘ब’ साठी ते येतं साधारण १२ ते १३ कोटी वर्षं. या जोडीचं एकूण वय सुमारे २३ कोटी वर्षं मानलं जातं. म्हणजे तारा म्हणून तो फक्त १० कोटी वर्षं जगला. इतक्या थोड्या काळात आयुष्य संपवणारा तारा सूर्याच्या पाच ते सहा पट जड असावा लागतो. आज त्यातला एक सूर्य उरला आहे. चारहून अधिक सूर्यांइतका वायू त्याने मरताना सोडून दिला. तो वायू आज व्याधाभोवती का दिसत नाही, असं मुलांनी विचारलं तर आधीच्या स्लाइडवर बोट ठेवा: तेजोमेघ काही दहा हजार वर्षांत विरतो, आणि इथे तर बारा कोटी वर्षं लोटली आहेत.

दुसरा पुरावा कृत्तिकांचा. हा तारकागुच्छ साधारण १० ते १३ कोटी वर्षांचा आहे आणि त्यात पाच-सहा सूर्यांएवढे तारे अजून जिवंत आहेत. पण त्याच गुच्छात एक श्वेत बटूही सापडला आहे, वस्तुमान सुमारे एक सूर्य. आपले पाच-सहा पट जड सोबती जिवंत असताना जो आधी मेला, तो त्यांच्यापेक्षाही जड असला पाहिजे. अशा गुच्छांवरूनच ‘सुमारे ८’ ही जन्माच्या वस्तुमानाची मर्यादा ठरवली गेली. ती कापून काढल्यासारखी नेमकी रेघ नाही, म्हणून स्लाइडवर ‘सुमारे’ हा शब्द राहू द्या. सूर्याएवढा तारा मागे साधारण अर्धा सूर्य ठेवतो, पाच-सहा पट वाला एक सूर्य, आणि आठच्या जवळचा त्याहून थोडा जास्त. त्या रेघेखालचे सगळे तारे आपला गाभा १.४ च्या आत आणून ठेवतात.

१.४ ही मात्र तत्त्वातून निघालेली मर्यादा आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० मध्ये एकोणीस वर्षांचे असताना शिक्षणासाठी जहाजाने इंग्लंडला निघाले होते. त्या प्रवासात त्यांनी हे गणित मांडलं. श्वेत बटू जितका जड, तितका तो लहान होतो, कारण अधिक वजन पेलायला इलेक्ट्रॉनांना अधिक वेगाने पळावं लागतं आणि त्यासाठी अधिक दाटी व्हावी लागते. पण वेगाला प्रकाशाच्या वेगाची सीमा आहे. इलेक्ट्रॉन त्या सीमेजवळ पोचले की दाटी वाढवूनही दाब पुरेसा वाढत नाही. १.४ सूर्यांच्या पलीकडे इलेक्ट्रॉन गाभ्याला तोलूच शकत नाहीत. पुढे १९८३ मध्ये चंद्रशेखर यांना नोबेल मिळालं.

म्हणून फाट्यावरचा खरा प्रश्न ‘तारा केवढा होता’ हा नसून ‘गाभा १.४ च्या आत राहिला का’ हा आहे. जन्माचं वस्तुमान त्याचं उत्तर ठरवतं, पण आडवळणाने.

महाकाय ताऱ्यांच्या रांगेत हा गाभा आत राहत नाही. तिथे कार्बन पेटतो, मग निऑन, मग ऑक्सिजन, मग सिलिकॉन, आणि तारा कांद्यासारखा थरांचा होतो. स्लाइडवर हे थर सारख्या जाडीचे दाखवतात, पण मला त्यातले काळ जास्त बोलके वाटतात. २५ सूर्यांएवढ्या ताऱ्यात हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षं पुरतो, हेलियम साधारण ७ लाख, कार्बन काही शतकं, ऑक्सिजन काही महिने आणि सिलिकॉन सुमारे एक दिवस. इतकी घाई होण्याचं एक कारण म्हणजे पुढच्या प्रत्येक इंधनातून कमी ऊर्जा मिळते. दुसरं मोठं कारण म्हणजे एवढ्या तापमानाला गाभा बहुतेक ऊर्जा न्यूट्रिनो कणांतून गमावतो, आणि ते ताऱ्यातून न अडता सरळ निघून जातात.

शेवटी लोखंड. लोखंडाच्या आसपासचे अणुगर्भ सर्वांत घट्ट बांधलेले असतात. त्यांचं संमीलन केलं तर ऊर्जा मिळत नाही, उलट लागते. लोखंडाचा गाभा १.४ च्या जवळ वाढत जातो आणि एका क्षणी इलेक्ट्रॉन हात टेकतात. तापलेलं लोखंड फुटू लागतं आणि त्यात उष्णता खर्च होते. इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत मिसळून न्यूट्रॉन होऊ लागतात, म्हणजे आधार देणारेच कमी होतात. पृथ्वीएवढा गाभा एका सेकंदाच्या आत काही दहा किलोमीटरांवर कोसळतो. तिथे न्यूट्रॉन एकमेकांना भिडतात आणि कोसळणं धक्क्याने अडतं. त्या धक्क्याला न्यूट्रिनोंची जोड मिळून बाहेरचा तारा उडतो. हाच सुपरनोव्हा. फळ्यावर तिसरी ओळ: ‘न्यूट्रॉनांनी तोललंय’.

मुलांना ‘हे कोणी पाहिलं?’ असं वाटतं, तेव्हा १९८७ चा सुपरनोव्हा सांगा. २३ फेब्रुवारीला मोठ्या मॅजेलनी मेघात, सुमारे एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांवर तो दिसला, आणि प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी जपान, अमेरिका आणि रशियातल्या उपकरणांमध्ये मिळून दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो नोंदले गेले. न्यूट्रिनो गाभा कोसळताच निघतात. प्रकाशाला मात्र धक्का पृष्ठभागापर्यंत येण्याची वाट बघावी लागते. त्या काही तासांच्या फरकात गाभ्याची सगळी कथा सिद्ध झालेली आहे.

न्यूट्रॉनांची सहनशक्तीही अमर्याद नाही. गाभा सूर्याच्या साधारण दोन ते अडीच पटींपलीकडे गेला की तेही हरतात. स्लाइडवर ‘२० पटींपेक्षा जड तारे कृष्णविवर होतात’ असं ठाम लिहिलेलं असेल तर मी ते वाचून दाखवत नाही. ८ ची रेघ जितकी भक्कम आहे, तितकी ही नाही. ताऱ्याने वाऱ्यातून किती वस्तुमान गमावलं, त्यात जड मूलद्रव्यं किती होती, जोडीदाराने काही ओढून नेलं का, यांवर निकाल बदलतो. ‘खूप जड तारे’ एवढंच म्हणावं.

कृष्णविवराच्या चित्रात भोवरा असतो आणि मुलं ते सगळं गिळणारं यंत्र समजतात. त्यावर एक साधं उदाहरण पुरतं. सूर्याच्या जागी त्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर त्याची त्रिज्या फक्त ३ किलोमीटर असेल, आणि पृथ्वी आज फिरते तशीच, त्याच कक्षेत फिरत राहील. ओढ वस्तुमानावर ठरते, नावावर नाही. फरक पडतो तो अगदी जवळ गेल्यावर. आणि ते दिसत नसताना सापडतं कसं, याचं उत्तर मुलांना आधीच माहीत असतं, कारण त्यांनी व्याधाची स्लाइड पाहिलेली असते. हंस तारकासमूहात एक निळा महातारा ५.६ दिवसांत कोणाभोवती तरी फिरतो. बेसेलसारखाच हिशेब केला की न दिसणाऱ्या जोडीदाराचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे २१ पट निघतं. इतकं वस्तुमान, आणि ताऱ्याचा प्रकाश नाही. इलेक्ट्रॉनांची मर्यादा १.४, न्यूट्रॉनांची अडीचच्या आसपास. दोन्ही फळ्यावर लिहिलेल्या आहेत. मग गाभ्याला कोणी तोललंय, हे मुलांनाच विचारा आणि चौथी ओळ त्यांनाच लिहू द्या: ‘कोणीच नाही’.